१९ फेब्रुवारी की १ मार्च? : शिवजन्माची तारीख आणि हरवलेल्या दहा दिवसांचा हिशेब

१/
दरवर्षी १९ फेब्रुवारीला शिवनेरीपासून विदर्भातल्या उमरखेडपर्यंत शिवजयंतीच्या मिरवणुका निघतात आणि त्याच दिवशी एक जुना वाद नव्याने पेटतो. कोणीतरी ठामपणे लिहितो, की ही तारीख चुकली आहे, आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे शिवरायांचा जन्म १ मार्च १६३० चा होय. दुसरा तितक्याच ठामपणे उत्तर देतो, की इतिहासकारांनी १९ फेब्रुवारीच सिद्ध केली आहे. गंमत अशी, की दोघांच्याही तारखा बरोबर आहेत. एकच दिवस दोन निरनिराळ्या दिनदर्शिकांमधून पाहिला जात आहे, एवढेच. हे दोन दिवस एक कसे, आणि हा हिशेब न सांभाळल्यास मराठ्यांच्या इतिहासात काय उलटापालट होते, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/
प्रथम मूळ नोंद. जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद अशा अर्थाची आहे : शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. या नोंदीत फेब्रुवारीही नाही आणि मार्चही नाही. शिवकालात मराठी माणूस शक, मास, पक्ष, तिथी आणि वार यांनीच दिवस ओळखत असे. म्हणजे पुरावा आहे तो तिथीचा आणि वाराचा. इंग्रजी तारीख हे त्या पुराव्याचे भाषांतर आहे, आणि भाषांतर कोणत्या भाषेत केले हे सांगितल्याशिवाय ते बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. इथे त्या भाषा दोन आहेत : ज्युलियन आणि ग्रेगोरियन.

३/
ज्युलियन दिनदर्शिका ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेली. तिचा नियम सोपा : दर चौथे वर्ष लीप वर्ष. त्यामुळे वर्षाची सरासरी लांबी ३६५ दिवस ६ तास होते. ऋतूंचे वर्ष मात्र त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असते. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, असे वाटते. पण सुमारे १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. ईस्टरचा सण ज्या वसंतसंपातावरून ठरतो, तो संपात चर्चच्या गणिताने २१ मार्चला धरलेला होता. सोळाव्या शतकात आकाशातला संपात सरकत ११ मार्चपर्यंत आला होता. कागद आणि आकाश यांत दहा दिवसांची फट पडली होती.

४/
ती फट पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये बुजवली. त्या वर्षी गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर म्हणून मोजण्यात आला. मधल्या दहा तारखा गाळल्या. पुढे चूक साचू नये म्हणून शतकवर्षांना नवा नियम लावला : ४०० ने भाग जाणारे शतकवर्षच लीप वर्ष. म्हणून १६०० लीप वर्ष राहिले, १७०० राहिले नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. पंचांगात क्षयतिथी असते. एखादी तिथी कोणत्याच सूर्योदयाला सापडत नाही आणि मोजणीतून गळते. पण तिथी गळली म्हणून वार गळत नाही. १५८२ मध्येही नेमके हेच झाले. तारखांनी उडी मारली, वारांची साखळी अखंड राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तीच साक्षीदार म्हणून उपयोगी पडणार आहे.

५/
पोपचा शब्द सर्वांनी मानला नाही. पोर्तुगाल आणि स्पेन यांनी ठरल्या दिवशीच बदल केला. हॉलंड प्रांत प्रॉटेस्टंट असूनही त्याने लवकरच नवी पद्धत घेतली. इंग्लंडने मात्र रोमची आज्ञा म्हणून ती नाकारली आणि पुढची १७० वर्षे जुनी गणना चालू ठेवली. रशियाने तर १९१८ पर्यंत आणि ग्रीसने १९२३ पर्यंत वाट पाहिली.

याचा परिणाम युरोपापेक्षा कोकण किनाऱ्यावर अधिक विचित्र दिसतो. सतराव्या शतकात गोवा आणि वसई येथील पोर्तुगीज नवी तारीख लिहीत होते. वेंगुर्ला आणि सुरत येथील डच वखारीही नवीच तारीख लिहीत होत्या. सुरतेची इंग्रज वखार आणि पुढे इंग्रजांची मुंबई मात्र दहा दिवस मागे होती. एकाच सुरतेत, एकाच सकाळी, दोन वखारींतले कारकून दोन वेगळ्या तारखा घालून पत्रे लिहीत होते.

६/
आता शिवजन्माची नोंद पायरीपायरीने उलगडू.

पहिली पायरी वर्षाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवले जाते. पण ते वर्षाच्या सगळ्या महिन्यांना लागू नाही. शकवर्ष चैत्रात सुरू होते, तर इसवी सन जानेवारीत बदलतो. त्यामुळे पौषानंतरच्या दिवसांसाठी सहसा ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. म्हणून १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. येथे ७८ मिळवले तर १६२९ येते आणि पूर्ण एका वर्षाची चूक होते.

७/
दुसरी पायरी दिवसाची. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया जंत्रीच्या आधारे ज्युलियन गणनेत मांडली, की १९ फेब्रुवारी १६३० येते. सतराव्या शतकात दोन गणनांमधले अंतर १० दिवसांचे आहे. १९ मध्ये १० मिळवले की २९. १६३० चा फेब्रुवारी २८ दिवसांचा. म्हणून ग्रेगोरियन तारीख १ मार्च १६३०. दोन्ही तारखा एकाच सूर्योदयाची नावे आहेत.

८/
तिसरी पायरी पडताळणीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. शकावली शुक्रवार सांगते. ज्युलियन १९ फेब्रुवारी १६३० हा शुक्रवार आहे. ग्रेगोरियन १ मार्च १६३० हाही शुक्रवारच आहे. वारांची साखळी कधी तुटलीच नाही, तेव्हा असेच घडले पाहिजे.

आता जाणूनबुजून चूक करून पाहू. एखाद्या संगणकीय पंचांगात १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख टाकली आणि त्याने ती ग्रेगोरियन समजली, तर उत्तर मंगळवार येते आणि चंद्र शुक्ल पक्षात, अष्टमीच्या आसपास दिसतो. काही जण एवढ्यावरच शकावली खोटी ठरवून मोकळे होतात. दुसऱ्या टोकाची चूक अशी, की १ मार्च ही आधीच बदललेली तारीख जुनी समजून तिच्यात आणखी दहा दिवस मिळवायचे. तेव्हा ११ मार्च येते आणि वार सोमवार. शुक्रवार दोन्हीकडे हुकतो. वार हुकला, की भाषांतर कोठेतरी फसले आहे असे समजावे.

९/
मग इतिहासकारांनी जुनी १९ फेब्रुवारीच का ठेवली? कारण शिवकालाच्या अभ्यासात इंग्रजी कागदपत्रांचा वापर पूर्वीपासून मोठा आहे आणि ते कागद ज्युलियन तारखांचे आहेत. मराठी तिथींची रूपांतरे त्याच मापात केली, तर दोन्हींचा मेळ थेट बसतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ आणि महानिर्वाणाची ३ एप्रिल १६८० या प्रचलित तारखाही ज्युलियनच आहेत. म्हणून केवळ जन्मतारीख १ मार्च करून बाकीच्या तशाच ठेवणे ही दुरुस्ती नव्हे. तसे केल्यास एकाच चरित्रात दोन मापे मिसळतात. बदलायचे तर १६ जून आणि १३ एप्रिलही लिहावे लागेल, आणि तसे स्पष्ट सांगावेही लागेल.

१०/
दहा दिवसांखेरीज इंग्रजी कागदांत आणखी एक सापळा आहे, आणि तो अधिक घातक आहे. इंग्लंडमध्ये कायद्याचे वर्ष १ जानेवारीला बदलत नसे, २५ मार्चला बदलत असे. म्हणजे २४ मार्च १६२९ च्या दुसऱ्या दिवशी २५ मार्च १६३० उजाडे. गुढीपाडव्याला शक बदलणाऱ्या समाजाला वसंतातले वर्षारंभ नवे नाहीत. शके १५५१ जसे फाल्गुनात अजून संपले नव्हते, तसे इंग्रजांचे १६२९ ही त्या दिवशी अजून संपले नव्हते. शिवजन्माच्या दिवशी सुरतेच्या इंग्रज कारकुनाने पत्र लिहिले असते, तर त्याच्या हिशेबाने ते वर्ष १६२९ होते.

११/
गोंधळ टाळण्यासाठी इंग्रज लेखक १ जानेवारी ते २४ मार्च या काळात बहुधा दोन वर्षे एकत्र लिहीत : १६२९/३०. हीच ती दुहेरी नोंद. तिरप्या रेघेच्या अलीकडचा आकडा इंग्रजी कायद्याचा, पलीकडचा आकडा जानेवारीपासून मोजणाऱ्यांचा. अशा नोंदीत आजच्या वाचकाने नेहमी दुसरा आकडा घ्यावा. ‘दोन वर्षांपैकी एक, नक्की माहीत नाही’ असा तिचा अर्थ मुळीच नाही.

पण प्रत्येक कारकून दोन आकडे लिहीत नसे. कधी केवळ जुने वर्षच लिहिलेले असते, आणि तेथे फसगत होते.

१२/
उदाहरण सुरतेचे घेऊ. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावर शिवरायांचा छापा पडला आणि शायिस्तेखानाची बोटे तुटली. त्यानंतर नऊ महिन्यांनी शिवरायांनी सुरत लुटली. बुधवार, ६ जानेवारी रोजी ते सुरतेला पोहोचले आणि रविवार, १० जानेवारीला निघून गेले. इंग्रज वखारीच्या गणनेने हे वर्ष १६६३ च आहे, कारण २५ मार्च अजून आलेला नाही. दुहेरी नोंदीत ते १६६३/६४ होते. आपण १६६४ म्हणतो.

आता एखाद्या अभ्यासकाला ‘जानेवारी १६६३’ एवढेच लिहिलेले पत्र मिळाले आणि त्याने ते जसेच्या तसे यादीत लावले, तर सुरतेची लूट लाल महालाच्या तीन महिने आधी जाऊन बसते. मग खानाच्या मानहानीनंतर मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरावर झालेला हा घाव त्या मानहानीचे कारण असल्यासारखा दिसू लागतो. आकडा एकाने चुकला आणि कार्यकारणभाव उलटला.

डच वखारीचा कागद येथे मदतीला येतो. डचांच्या गणनेने तोच बुधवार १६ जानेवारी १६६४ आहे. दिवस दहाने पुढे, वर्ष एकाने पुढे, वार मात्र तोच.

१३/
अठराव्या शतकात अंतर वाढते. १७०० हे वर्ष ज्युलियन गणनेत लीप वर्ष होते, ग्रेगोरियन गणनेत नव्हते. म्हणून त्या वर्षीच्या फेब्रुवारीनंतर अंतर दहाऐवजी अकरा दिवसांचे झाले. शंभूकालापर्यंत दहा, पहिल्या बाजीरावाच्या काळात अकरा, हे सूत्र मराठ्यांच्या इतिहासासाठी पुरेसे आहे.

याचे उत्तम उदाहरण वसईचे. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. परंतु पुस्तके चाळली, तर विजयाच्या चार तारखा आढळतात : ५ मे, १२ मे, १६ मे आणि २३ मे. प्रथमदर्शनी असे वाटते, की साधनेच अविश्वसनीय आहेत.

१४/
अकराचा आकडा लावला, की गुंता आपोआप सुटतो. ५ अधिक ११, म्हणजे १६. १२ अधिक ११, म्हणजे २३. म्हणजे घटना चार नव्हेत, दोनच आहेत. पहिल्या दिवशी शरणागतीचा करार झाला. जुन्या गणनेने ५ मे, पोर्तुगीजांच्या गणनेने १६ मे. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले. जुन्या गणनेने १२ मे, नव्या गणनेने २३ मे. दोन्ही दिवस शनिवार. करारानंतर किल्ला रिकामा व्हायला बरोबर एक आठवडा लागला.

या चार तारखांतून मनाला येईल ती जोडी उचलली, तर काय होईल? करार ५ मेचा आणि निर्गमन २३ मेचे धरले, तर आठवड्याचे अठरा दिवस होतात आणि मराठ्यांनी पराभूतांना एवढी सवलत का दिली, असा खोटा प्रश्न उभा राहतो. करार १६ मेचा आणि निर्गमन १२ मेचे धरले, तर शरणागतीच्या चार दिवस आधीच पोर्तुगीज वसई सोडून गेलेले दिसतात. साधनांत दोष कोठेच नाही; दोष आहे तो मापे मिसळण्यात.

१५/
या हिशेबाला एक मर्यादा आहे, तीही जाणून घेतली पाहिजे. दहा किंवा अकरा दिवसांचा फरक दिनदर्शिकेचा असतो; एका दिवसाचा फरक आढळला, तर त्याचे कारण बहुधा दुसरे असते. राज्याभिषेकाचेच पाहा. जेधे शकावली शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार असे म्हणते आणि तीन घटिका रात्र उरली असता शिवराय सिंहासनावर बसले, असे सांगते. रायगडावर हजर असलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडेन याच्या नोंदीत ६ जून आहे. ज्युलियन गणनेने तो शनिवार. शिवाय आपण उत्सव करतो तो त्रयोदशीला.

यात विरोध नाही. भारतीय वार सूर्योदयाला बदलतो, युरोपीय वार मध्यरात्री. सूर्योदयापूर्वी तीन घटिका, म्हणजे सुमारे ७२ मिनिटे; त्या वेळी पंचांगाचा शुक्रवार चालू होता आणि ऑक्झेंडेनचा शनिवार लागून गेला होता. शुक्रवारी सूर्योदयाला असलेली द्वादशी दिवसातच संपून त्रयोदशीही लागली होती. अशा एका दिवसाच्या फरकाला ज्युलियन-ग्रेगोरियनचे औषध लावू नये.

१६/
शेवटी इंग्लंडही नमले. तेथील संसदेने केलेल्या कायद्यानुसार १७५२ हे वर्ष १ जानेवारीला सुरू झाले, २५ मार्चची प्रथा संपली. त्याच वर्षी बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. अकरा तारखा गळल्या. कायदा ब्रिटिश राजसत्तेखालच्या मुलखांनाही लागू असल्याने इंग्रजांची मुंबई आणि पोर्तुगीजांचा गोवा यांच्या तारखा त्यानंतर जुळल्या.

म्हणूनच पानिपताबाबत हा वाद कधी उद्भवत नाही. १४ जानेवारी १७६१ ही तारीख ग्रेगोरियन आहे, वार बुधवार, तिथी पौष शुद्ध अष्टमी. तिच्यात काहीही मिळवायचे नाही. १७५२ पूर्वीचे सगळे सरसकट बदलणारा उत्साही दुरुस्तक कधी कधी येथेही अकरा दिवस पुढे ढकलतो. तेव्हा बुधवारचा रविवार होतो आणि चूक उघडी पडते.

१७/
तेव्हा जुनी तारीख हाती आली, की चार प्रश्न विचारावेत. कागद कोणाचा : इंग्रजांचा, पोर्तुगीजांचा, डचांचा की मराठी? काळ १७०० च्या आधीचा, नंतरचा, की १७५२ नंतरचा? इंग्रजी कागद जानेवारी ते २४ मार्च या काळातला असेल, तर वर्ष कोणते धरले आहे? आणि मूळ नोंदीत वार किंवा तिथी असेल, तर ती उत्तराशी जुळते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर आधीच्या तिन्हींकडे पुन्हा जावे.

१८/
शासनाने उत्सवासाठी १९ फेब्रुवारी ठरवली आहे, अनेक जण तिथीने जयंती करतात, आणि दोन्ही उत्सव मुळात त्याच नोंदीकडे बोट दाखवतात. लिहिताना मात्र ‘१९ फेब्रुवारी १६३०, ज्युलियन’ किंवा ‘१ मार्च १६३०, ग्रेगोरियन’ असा एक शब्द जास्त लिहावा. त्या एका शब्दाने अर्धा वाद मिटतो. उरलेला अर्धा मिटवायला जेधे शकावलीतला तो शुक्रवार पुरेसा आहे.

(थ्रेड समाप्त)